'बघतो' म्हणजे दंड मान्य नव्हे

गेल्या ऑक्टोबरात आमच्या नेटवर्क व्हेंडरबरोबरची तिमाही आढावा बैठक कॉलवर झाली. रेकॉर्डिंग एक तास बारा मिनिटांचं. मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत सारांश दे. सेवा कुठे कमी पडली, दंड किती ठरला, काय सुधारणार, एवढंच हवंय."

हिंजवडीहून घरी येऊन ऐकायला बसलो. व्हेंडरच्या स्लाइडवर तिमाहीचा अपटाइम 99.77 टक्के होता आणि करारात 99.5, म्हणून कॉलवर सगळे पुढे सरकले होते. मी करार उघडला. त्यात अपटाइम दर महिन्याला मोजायचा, असं लिहिलंय. चाकणच्या गोदामाची लाइन सप्टेंबरात 310 मिनिटं बंद होती. महिन्याची मिनिटं 43,200, म्हणजे अपटाइम 99.28 टक्के. तिमाहीच्या 92 दिवसांत ही घसरण झाकली गेली होती. त्यातली 90 मिनिटं आमच्याकडची वीज गेल्यामुळे होती, ती धरू नका, असं व्हेंडर म्हणत होता. ती वगळली तरी 220 मिनिटं उरतात आणि 99.5 टक्क्यांत फक्त 216 मिनिटांची मुभा बसते. म्हणजे त्यांचं म्हणणं मानलं तरी सेवा कमीच पडली. सारांशात मी दोन्ही हिशेब लिहिले.

दंडाच्या बाबतीत मात्र माझीच चूक होत होती. पहिल्या मसुद्यात मी 'तिकिटांना उशिरा उत्तर दिल्याबद्दल दंड मान्य' असं लिहिलं होतं. खात्री करायला 41व्या मिनिटाला परत गेलो. त्यांचे अकाउंट मॅनेजर म्हणत होते, "हो हो, बघतो, वर विचारून कळवतो." त्यातलं 'हो हो' तेवढं माझ्या कानात राहिलं होतं. 58व्या मिनिटाला मात्र तेच स्वच्छ म्हणाले, "चाकणच्या लाइनच्या सप्टेंबरच्या भाड्याच्या पाच टक्क्यांची क्रेडिट नोट ऑक्टोबरच्या बिलासोबत देतो." हा ठरलेला दंड. तिकिटांचा मुद्दा मी 'प्रलंबित, त्यांच्या उत्तराची वाट' असा वेगळा लिहिला. दोन्ही एकत्र टाकले असते, तर अकाउंट्सने न ठरलेली रक्कमही बिलातून कापली असती आणि भांडण आमच्या गळ्यात आलं असतं.

सुधारणांमध्ये सर्वात मोठं आश्वासन होतं बॅकअप लाइन वेगळ्या मार्गाने आणण्याचं. दोन्ही केबल एकाच डक्टमधून येत होत्या, त्यामुळे रस्ता खोदताना दोन्ही एकदमच तुटल्या. पण पूर्ण कॉलमध्ये तारीख नाही, फक्त 'लवकरात लवकर'. मी अंदाजाने तारीख घातली नाही. 'तारीख दिलेली नाही, जबाबदार व्यक्ती ठरलेली नाही' असं लिहिलं, प्रत्येक मुद्द्यापुढे रेकॉर्डिंगचं मिनिट टाकलं आणि मॅडमना दाखवून मेल व्हेंडरला पाठवला : दोन दिवसांत दुरुस्ती असेल तर कळवा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. क्रेडिट नोट मान्य होती आणि बॅकअप लाइनसाठी त्यांच्या प्रोजेक्ट इंजिनिअरचं नाव आणि 30 नोव्हेंबर ही तारीख होती. तिकिटांच्या दंडाबद्दल अजूनही 'बघतो'च होतं, म्हणून पुढच्या आढाव्याच्या यादीत तो मुद्दा मी सर्वात वर ठेवला.