बल्बखाली पार्सल उघडू नये

पार्सल रात्री आलं आणि मी ते रात्रीच उघडलं, चूक झाली ती तिथेच. खांद्याला लावायची बॅग मागवली होती, लिस्टिंगमध्ये छान गर्द ऑलिव्ह हिरवी, आणि खोक्यातून निघाली ती चिखलाच्या रंगाची. मी लगेच मोबाईल काढला, फोटो घेतला, लिस्टिंगचा फोटो शेजारी लावला आणि जाहीर केलं की फसवलं मेल्यांनी, उद्याच परत करते.

लेक म्हणाली, "आई, पिवळ्या बल्बखाली हिरवं बघतेस आणि वर भांडतेस?"

राग आला पण बरोबर होतं तिचं. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल-पिवळं भरपूर असतं आणि निळं अगदीच कमी, त्यामुळे ऑलिव्हसारखा मुळातच तपकिरीकडे झुकलेला हिरवा त्यात पार मातकट दिसतो. वर मोबाईलचा कॅमेरा स्वतःच्या डोक्याने रंग सुधारायला जातो, समोर काय पांढरं असावं याचा अंदाज बांधतो आणि त्या हिशोबाने सगळा फोटो निळसर नाहीतर पिवळसर करून टाकतो. म्हणजे बॅग खाली लाकडी टेबलावर ठेवली तर एक रंग, पांढऱ्या चादरीवर ठेवली तर दुसरा. मी दोन्ही करून बघितलं. एकच बॅग, एकच बल्ब, पण दोन फोटोंत चक्क दोन वेगळ्या बॅगा वाटाव्यात इतका फरक.

मग सकाळी नीट केलं. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, घरातले सगळे दिवे बंद (हे महत्त्वाचं, कारण एका बाजूने उजेड निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळा असला की कॅमेऱ्याची पार भंबेरी उडते), आणि बॅगेला टेकवून एक साधा कोरा पांढरा कागद. कागदाचं काम एवढंच की फोटोत तो पांढरा दिसतोय का ते बघायचं. कागद पिवळट आला तर बॅगेचा रंगही खोटा. माझा कागद पांढरा आला आणि बॅग, अहो काय सांगू, हिरवी आली. लिस्टिंगपेक्षा एखादी छटा फिकी असेल, पण त्यांनी स्टुडिओच्या दिव्यांत काढून वर रंग चढवलेला असणारच, आणि माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेसही पूर्ण होता. एवढ्यासाठी भांडता येत नाही.

म्हणजे रंगाची तक्रार गेली. खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं, रात्रभर मनातल्या मनात तक्रार लिहून ठेवली होती!

पण त्या कागदाच्या नादात मी पहिल्यांदाच दोन्ही फोटो शांतपणे शेजारी शेजारी बघितले आणि लक्षात आलं की रंग हा या प्रकरणातला सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार आहे, तो उजेड बघून साक्ष फिरवतो. फुगीरपणाचंही तेच. लिस्टिंगमधली बॅग टुमटुमीत दिसते कारण आत कागदाचे बोळे कोंबलेले असतात, माझी पोस्टातून चेपून आलेली, तिला मरगळलेली म्हणणं अन्यायच. फिरत नाहीत त्या मोजता येणाऱ्या गोष्टी. किती खिसे, चेनचा दांडा कुठल्या बाजूला, शिलाईच्या ओळी किती, बुडाला धातूची बटणं किती. उजेड कसाही असो, चाराची तीन होत नाहीत.

मोजायला घेतलं. खिसे बरोबर. बुडाची बटणं लिस्टिंगच्या तिसऱ्या फोटोत दिसत होती, चार, माझ्याकडेही चार. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे झूम केलं तर लिस्टिंगमध्ये चौकोनी शिलाई आणि तिच्या आत फुली, म्हणजे वजन पेलायला मारतात ती पक्की शिलाई. माझ्याकडे दोन आडव्या रेघा, बस्स. आणि तो पट्टाच मला जरा बारीक वाटला.

आता "बारीक वाटला" असं लिहून कोणी बॅग परत घेत नाही, आणि पट्ट्याची रुंदी वर्णनात दिलेलीच नव्हती. पण बॅगेची रुंदी दिली होती, ३० सेंटिमीटर. मग मी एक उद्योग केला. लिस्टिंगचा अगदी समोरून काढलेला फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि स्क्रीनवर चक्क पट्टी धरून मोजला. बॅग भरली १६ सेंटिमीटर आणि पट्टा, बॅगेला जोडलाय तिथेच, २. म्हणजे पट्टा बॅगेच्या रुंदीचा आठवा हिस्सा. ३० चा आठवा हिस्सा पावणेचार. माझ्या बॅगेची रुंदी खरोखरच ३० निघाली, पण पट्टा फक्त अडीच सेंटिमीटर. दीडेक मिलिमीटर इकडेतिकडे मोजमापात जाईल, सव्वा सेंटिमीटर नाही जाणार.

यात एक मेख आहे, आणि मी त्यात आधी फसले होते. तिरक्या फोटोवरून असं मोजायचं नाही, आणि कॅमेऱ्याच्या पुढे आलेला भागही मोजायचा नाही, कारण जवळचं मोठं दिसतं. पट्टा वर उभा धरलेला असेल तर तो पुढे झुकलेला असू शकतो, म्हणून जोडाजवळचाच मोजायचा, तिथे तो बॅगेच्या सपाटीत असतो. आपला फोटो काढतानाही बॅगेच्या नाकाशी मोबाईल नेला की मधला भाग फुगतो आणि कडा पळतात, त्यापेक्षा चार पावलं मागे जाऊन झूम करावं. माझे रात्रीचे सगळे फोटो एक हात अंतरावरून, त्यात बॅग भोपळ्यासारखी आली होती.

तर तक्रारीत मी रंगाचा र सुद्धा काढला नाही. कारणांच्या यादीत "आवडलं नाही" सोडून "वर्णनाशी जुळत नाही" निवडलं, आणि तीनच फोटो जोडले. जोडाची शिलाई, त्यांची आणि माझी, एकाच कोनातून शेजारी शेजारी. पट्ट्यावर मोजपट्टी ठेवलेली. आणि पूर्ण बॅग, टॅग न कापलेला. त्यांच्या फोटोंचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते कारण लिस्टिंगमधले फोटो कधीही बदलू शकतात आणि मग आपण हवेत बोट दाखवत बसतो. रिटर्न दुसऱ्या दिवशी मंजूर झालं.

न्यायला मुलगा आला तो नेमका संध्याकाळी. जिन्यात उभा, वर जिन्यातला पिवळा बल्ब. त्याच्या मोबाईलवर तोच लिस्टिंगचा फोटो, त्याच्याशी जुळली तरच तो वस्तू ताब्यात घेणार. त्याने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा बॅगेकडे, मग माझ्याकडे.

"ताई, यात हिरवी आहे. ही तर तपकिरी दिसतेय."

मी लेकीला हाक मारली, तो पांढरा कागद आण गं जरा.