मधली दोन पानं

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहाल का, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर शाळेची इमारत नाही, मराठीच्या बाईंचा उजवा हात आला. कोणत्या बाई, हे आमच्या तुकडीला सांगायला नको.

नववीत सहामाहीच्या आधी त्यांनी 'घड्याळे थांबली तर' हा निबंध लिहून आणायला सांगितला होता. माझी सुरुवात अशी होती : 'घड्याळ हा माणसाच्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे. घड्याळे थांबली तर सारे व्यवहार कोलमडून पडतील.' मग दोन पानं भरून चुकलेल्या गाड्या, न वाजलेली शाळेची घंटा, आणि दृष्टी गेल्यापासून दर थोड्या वेळाने 'किती वाजले?' विचारणारे माझे आजोबा. शेवट : 'अशा प्रकारे घड्याळ हा माणसाच्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे. ती थांबली तर सारे व्यवहार ठप्प होतील.' 'कोलमडून पडतील'च्या जागी 'ठप्प होतील' लिहिलं, याचा मला अभिमान होता.

बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. मधल्या मजकुरावर आडवा हात ठेवून पहिला आणि शेवटचा परिच्छेद मला मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाल्या, "आता शेवटचा आधी वाच आणि पहिला नंतर." वाचला. काहीच बिघडलं नाही. "बघ, दोन पानं चाललीस आणि निघालीस तिथेच उभी आहेस. मग मधली पानं कशासाठी लिहिलीस?"

त्यांनी 'अशा प्रकारे' खोडलं आणि वही परत दिली. पुढचे तीन दिवस मी तो एकच परिच्छेद लिहीत होते. आज वाटतं, लिहिणं म्हणजे काय ते मी त्या तीन दिवसांत शिकले.

पहिल्या दिवशी मी नवा विचार म्हणून वाळूच्या आणि पाण्याच्या घड्याळांची माहिती आणली. बाई म्हणाल्या, "हा शेवट नाही, हा दुसरा निबंध सुरू झाला. शेवटात नवं यावं, पण ते आधीच्या पानांतूनच उगवलेलं असावं." दुसऱ्या दिवशी मी 'म्हणून आपण वेळेचे महत्त्व ओळखले पाहिजे' असं लिहिलं. त्यांनी विचारलं, "हे वाक्य अभ्यासावरच्या निबंधाला चालेल? प्रवासावरच्या?" चाललं असतं. तेही खोडलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही करते. मधल्या पानांवर असं एक वाक्य शोधायचं, जे निबंध सुरू करताना आपल्या डोक्यात नव्हतं. त्याच्याखाली रेघ मारायची आणि त्याला विचारायचं, 'मग पुढे काय?' मी रेघ मारली ती या वाक्याखाली : 'संध्याकाळ झाल्याचं पाखरांच्या आवाजावरून कळलं तरी आजोबा वेळ विचारतात.' लिहिताना ते सहज आलं होतं. वेळ कळल्यावरही माणूस वेळ का विचारतो, याचा विचार मी केलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशीचा शेवट हा : 'घड्याळे थांबली तरी आजोबा विचारतीलच, किती वाजले? मला खरी वेळ सांगता येणार नाही, पण जवळ जाऊन काहीतरी बोलावे लागेल. कदाचित इतकी वर्षे त्यांना तेवढेच हवे असेल.'

बाईंनी तो दोनदा वाचला. मग निबंधाचा पहिला परिच्छेदच काढून टाकला आणि आजोबांच्या प्रश्नापासून सुरुवात करायला सांगितली. शेवट सापडला की सुरुवातही बदलावी लागते, हे तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मी आजोबांना वेळ सांगितली आणि तिथेच बसून राहिले.

आज मी यंत्रांच्या तपासणीचे अहवाल लिहिते आणि हाताखालच्या मंडळींचे तपासते. चाळीस पानांच्या अहवालाच्या शेवटी मुद्दे पुन्हा सांगावेच लागतात, कारण वाचणारा मधली पानं सोडून थेट तिथे येतो. दोन-तीन पानांच्या निबंधाच्या वाचकाला मात्र सगळं आठवत असतं. तरी अहवालातही मी बाईंसारखा हात ठेवून पाहते. तपासणीआधीच लिहिता आला असता असा निष्कर्ष दिसला, की तो परत पाठवते.

हल्ली मुलांना 'समारोपाची वाक्ये' तयार मिळतात, कोणत्याही विषयाला जोडता येतील अशी. ती पाहिली की जीव तुटतो. साठ मुलांच्या वर्गात एका मुलीच्या एका परिच्छेदासाठी तीन दिवस देणाऱ्या बाई आता नाहीत, आणि मी त्यांना हे कधी सांगितलंही नाही.

शाळेला एक विनंती आहे. महोत्सवाच्या आठवड्यात मला नववीचा एक तास द्यावा. मुलांनी आपले जुने निबंध आणावेत, तपासलेले असले तरी चालतील. आम्ही फक्त शेवटचा परिच्छेद लिहू.