घाटातला उतार आणि त्याच्या पोटातलं पाणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घाटरस्त्यावर, वरच्या बाजूचा उतार दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली सरकायचा. पायथ्याला आधीच दगडी भिंत होती आणि तिला पोट आलं होतं. भिंत अजून जाड करावी, असं बऱ्याच जणांचं मत होतं. माझं मत वेगळं होतं, कारण उतारात पिझोमीटर, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी उभी नळी, बसवलेली होती आणि तिच्यात डिपमीटर सोडून मी ती पातळी मोजत होते. उन्हाळ्यात खोल असलेलं पाणी जुलैच्या संततधारेत जमिनीपासून दोन मीटरवर यायचं.

तिथे वर जांभा आणि मुरूम, त्याखाली पांढरट-गुलाबी, ओली झाली की साबणासारखी निसरडी होणारी माती (भूगर्भवाले तिला लिथोमार्ज म्हणतात). जांभ्यातून पाणी भराभर उतरतं आणि या मातीवर येऊन अडतं. घसरणीचा पृष्ठभाग तिथेच, सुमारे आठ मीटर खोल होता. ढोबळ हिशेब असा: आठ मीटर मातीचं वजन चौरस मीटरला साधारण १४.४ टन. पाणी दोन मीटरवर आलं की त्या पृष्ठभागावर सहा मीटर पाण्याचा, म्हणजे ६ टनांचा दाब उलट वर ढकलतो. घर्षणाला उरतात ८.४ टन. पाणी तीन मीटरने उतरवलं तर उरतील ११.४ टन. घर्षण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतं, आणि तेही उताराला हात न लावता. एवढी ताकद नुसत्या भिंतीतून मिळवायची तर ती केवढी बांधावी लागली असती!

खोलवरचं पाणी काढायला आम्ही आडवे निचरा-पाइप घेतले. नाव आडवे, पण भोकाला पाच अंशांचा चढ द्यायचा, म्हणजे पाणी आपोआप तोंडाशी येतं. चाळीस मीटर लांबीत आतलं टोक साडेतीन मीटर वर जातं. भोक नुसतं लिथोमार्जमध्ये राहिलं तर काही उपयोग नाही, ती माती पाणी सोडतच नाही. ते जांभ्याच्या तळाला छेदून गेलं पाहिजे. ड्रिलिंग केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारी नळी, घालून आणि हवेच्या दाबाने केलं. आधीच भिजलेल्या उतारात ड्रिलिंगचं पाणी सोडणं मला पटत नव्हतं. लांब रॉड स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, म्हणून भोक झाल्यावर पाण्याने भरलेली बारीक नळी टोकापर्यंत सरकवून तिच्यातला दाब मोजायचा. टोक किती उंचीवर आहे ते त्यावरून कळतं. मग बारीक चिरा पाडलेला ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आत घालून केसिंग ओढून काढायचं. तोंडाकडचे काही मीटर पाइप बिनचिरांचा ठेवायचा आणि त्याभोवती सिमेंट भरायचं. नाहीतर पाणी पाइपाबाहेरून झिरपून पायथा भिजवतं आणि झाडांची मुळं आत शिरतात.

एका भोकातून धार लागली, शेजारचं ठणठणीत कोरडं. ड्रिलर म्हणाले, “मॅडम, हे बुजवून टाकू का?” मी नको म्हटलं. जांभ्यातलं पाणी ठरावीक भेगांतून वाहतं. मे महिन्यातलं कोरडं भोक ऑगस्टमध्ये वाहू शकतं, आणि त्या कोरड्या भोकाच्या बाबतीत तसंच झालं. धार बघून निर्णय घ्यायचा नाही, पिझोमीटर बघायचा.

वरच्या मुरुमातलं उथळ पाणी मात्र या पाइपांपर्यंत पोचण्याआधीच उतार फुगवतं. त्यासाठी साडेतीन मीटर खोल चर घेतले, आणि ते उताराच्या दिशेने वरून खाली. आडवा चर उघडा असताना वरच्या मातीचा आधारच कापला जातो. खोदाई कोरड्या दिवसांत, पायथ्याकडून वर, छोट्या तुकड्यांत आणि बाजूंना टेकू लावून. एक तुकडा भरला की पुढचा उघडायचा. आत पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं न विणलेलं कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, तळाला छिद्रांचा पाइप, वर धुतलेली खडी. खडीत भुकटी दिसली की मी डंपर परत पाठवायचे. त्या भुकटीनेच चर आतून बुजतो. सगळ्यात वर चिकणमातीचा थर ठोकून बसवला, म्हणजे पावसाचं पाणी थेट चरात उतरत नाही. सगळ्या तोंडांचं पाणी सिमेंटच्या गटारातून थेट ओढ्यात सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात जोराच्या सरीनंतर पातळी चढायची, ते कुठलाच निचरा थांबवू शकत नाही. पण ती पाच मीटरच्या आसपास अडायची आणि पाऊस ओसरला की लवकर उतरायची.

आता माझा आग्रह देखभालीचा आहे. जांभ्याच्या पाण्यात लोह असतं, त्याचा तांबूस, बुळबुळीत साका पाइपाच्या चिरांत बसतो. दरवर्षी पावसाळ्याआधी दाबाच्या पाण्याने पाइप आतून धुवावे लागतात. धार कमी झाली आणि पिझोमीटरही खाली गेला तर उतार रिकामा होतोय. धार कमी आणि पिझोमीटर वर, तर पाइप तुंबलाय. मग पुढच्या सरीची वाट न बघता जेटिंगची गाडी मागवायची.