बेल बंद होती, तरी दोनदा वाजली

आमच्या पदविका महाविद्यालयात मायक्रोकंट्रोलरच्या तयार स्लाइड्स मिळतात. त्यांत प्रत्येक रजिस्टरचा तक्ता असतो, पण ते रजिस्टर कशासाठी हवे याचे एक वाक्यही नसते. म्हणून मी दाराची बेल आणि स्वयंपाकघरातला टायमर घेऊन शिकवते. बेलचे बटण म्हणजे इनपुट पिन आणि तिचा दिवा म्हणजे आउटपुट पिन. पोळ्या लाटता लाटता दर मिनिटाला दार उघडून पाहणे म्हणजे पोलिंग, तर बेल वाजल्यावरच लाटणे ठेवून उठणे आणि परत येऊन तीच पोळी पुढे लाटणे म्हणजे इंटरप्ट.

त्या दिवशी आर्डुइनो उनोवर बटण किती वेळा दाबले ते मोजायचे होते. बटणाची पत्री टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि एका दाबात अनेक ठोके जातात, हे मुलांना ठाऊक होते. उपाय मीच सांगितला होता: पहिली बेल वाजताच बेल बंद करा, टायमर २० मिलिसेकंदांवर लावा, तो संपला की पिन पाहा, ती अजून दाबलेली असेल तर एक मोजा आणि बेल पुन्हा चालू करा. घड्याळ १६ मेगाहर्ट्‌झचे, त्याला १०२४ ने भागले की सेकंदाला १५,६२५ ठोके उरतात, म्हणजे २० मिलिसेकंदांना सुमारे ३१२. गणित बरोबर होते, तरी एका विद्यार्थ्याचा आकडा प्रत्येक दाबाला नेमका दोनने वाढत होता.

थरथर मोजली जात असती, तर आकडा कधी तीन, कधी सात असा आला असता. नेमके दोन येतात म्हणजे काहीतरी एकदाच लक्षात ठेवले जात आहे, हे मला अर्ध्या तासाने सुचले, आणि चूक माझ्या उपमेतच सापडली. घरातली बेल बंद असताना कोणी बटण दाबले, तर त्याची खूण मागे राहत नाही. चिपमध्ये मात्र `EIMSK` या रजिस्टरमधून इंटरप्ट बंद केला, तरी पिनवरची कड `INTF0` हा फ्लॅग, म्हणजे बेल वाजल्याची खूण, उभा करतेच. बंद काळात दहा ठोके आले तरी फ्लॅग एकच, म्हणून बेल चालू करताच एक शिळा इंटरप्ट लगेच येतो, टायमर पुन्हा लागतो आणि बोट अजून बटणावरच असल्यामुळे दुसरी नोंद होते. बेल पुन्हा चालू करण्याआधी हा फ्लॅग पुसणारी एक ओळ हवी होती:

```
EIFR = (1 << INTF0);
```

“मॅडम, पुसायचं आहे तर एक का लिहायचा? शून्य नको का?” त्या विद्यार्थ्याने विचारले. या फ्लॅगची रचनाच तशी आहे, एक लिहिला की तो उतरतो, एवढेच मी सांगू शकले. स्लाइडवर तर तेही नव्हते. आता मी चित्रातल्या बेलशेजारी एक लाल दिवा काढला आहे, जो आवाज बंद असतानाही पेटतो आणि कोणी विझवेपर्यंत पेटलेलाच राहतो. ते चित्र पाहून तोच मुलगा म्हणाला, “मग विझवायलासुद्धा बटण दाबावंच लागणार ना.”