टॉवर समोर दिसतोय, मग फोन का लागत नाही?

तक्रारीच्या नोंदीत एवढंच होतं: 'घरात फोन लागत नाही. टॉवर गॅलरीतून दिसतो.' दुसरं वाक्य वाचून ऑफिसात हशा पिकला. मला मात्र ते वाक्य कामाचं वाटलं. टॉवर दिसत असूनही आत रेंज नसेल, तर दोष टॉवरमध्ये शोधण्यात फारसा अर्थ नसतो.

मी एका मोबाइल कंपनीसाठी पुण्याच्या पश्चिम भागात नेटवर्क ऑप्टिमायझेशनचं काम करते. म्हणजे मोजायचं, अँटेनाचा कोन बदलायला सांगायचं आणि पुन्हा मोजायचं. बहुतेक मोजणी रस्त्यावर गाडीतून होते. लोक राहतात घरात, बोलतात घरात आणि आम्ही मोजतो रस्त्यावर, हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं आहे.

पुनावळ्याकडची सोसायटी, चौथा मजला. दार काकांनी उघडलं. बँकेतून निवृत्त झालेले, हातात तारीखवार लिहिलेली वही. काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या मागच्या बेडरूममध्ये. काका औषधं आणायला खाली उतरले की काकूंचा फोन 'कव्हरेज क्षेत्राबाहेर'. फिजिओथेरपिस्टचाही लागत नाही. आणि लागलाच तर काकूंना पलीकडचं स्पष्ट ऐकू येतं, पण पलीकडून 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये' एवढंच.

या शेवटच्या तपशिलाने अर्धं निदान झालं. टॉवरवरचा रेडिओ वीस-चाळीस वॅटने पाठवतो. फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट. भिंत दोघांनाही तितकीच आडवी येते, पण फोन आधी थकतो. म्हणून तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचं पोचत नाही. फोन पूर्ण जोर लावून ओरडत राहतो, गरम होतो, बॅटरी दुपारीच संपते. काकूंचा फोन हातात घेतला तर खरंच कोमट होता. याच सोसायटीने आमच्या कंपनीचा गच्चीवरचा टॉवर 'रेडिएशन'च्या भीतीने सर्वसाधारण सभेत नामंजूर केला होता. कानाला लावलेला फोन सर्वांत जास्त ताकदीने पाठवतो तो रेंज कमी असतानाच, हे त्या सभेत कुणी बोललं असेल असं वाटत नाही.

मग टेस्ट फोन हातात धरून गॅलरीपासून आत चालत गेले. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. गॅलरीत उणे ८४ डीबीएम, म्हणजे उत्तम. हॉलच्या मध्यावर उणे ९७. पॅसेजमध्ये उणे १०८, आणि फोन २३०० मेगाहर्ट्झ सोडून त्याहून कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडवर उतरला. बेडरूममध्ये पलंगाशी उणे ११७. या मापात दर १० ने घट म्हणजे ताकद एकदशांश. गॅलरी ते पलंग ३३ ची घट, म्हणजे सिग्नल साधारण दोन हजारावा हिस्सा उरला. तोही दहा-बारा पावलांत.

हे कसं होतं ते काकांनी विचारलं, आणि हा माझ्या आवडीचा विषय. जुन्या इमारतींत खांब आणि तुळया काँक्रीटच्या असायच्या, मधल्या भिंती विटांच्या. लहरी विटांतून बऱ्यापैकी निघून जातात. ही इमारत मायवानची. ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खा मजला एकसंध ओततात, त्यामुळे बेडरूममधली भिंतसुद्धा आरसीसी. बिल्डरला काम भरभर उरकतं, प्लास्टरचा खर्च वाचतो. पण प्रत्येक भिंतीत सळ्यांची जाळी असते. जाळीची भोकं लहरीच्या लांबीच्या मानाने लहान पडली की लहर परतते. ९०० मेगाहर्ट्झला ती लांबी ३३ सेंटिमीटर, १८०० ला त्याच्या निम्मी. उरलीसुरली लहर काँक्रीट स्वतः पिऊन टाकतं. नव्या इमारतीत जास्तच, कारण आतला ओलावा सुकायला महिनोन्‌महिने लागतात. १८०० मेगाहर्ट्झवर अशी एक भिंत ढोबळमानाने १० ते १५ डीबी खाते. गॅलरी आणि पलंग यांच्यामध्ये अशा दोन भिंती होत्या.

अशा घरात सिग्नल येतो तो मुख्यतः खिडक्यांतून. काकूंच्या बेडरूमची खिडकी उघडत होती डक्टमध्ये, समोर दुसऱ्या विंगची काँक्रीटची पाठ.

आमच्या प्लॅनिंगच्या नकाशावर ही सोसायटी हिरवीगार आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'इमारतीत होणारी घट' म्हणून एका प्रकारच्या वस्तीला एकच आकडा भरलेला असतो. तो विटांच्या काळातला आहे. हे मी मीटिंगमध्ये बोलले आहे. मीटिंगमध्ये बोललेलं मिनिट्समध्ये येतंच असं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरीही वर आले. त्यांनी ऑनलाइन एक बूस्टर हेरून ठेवला होता, गच्चीवर अँटेना आणि प्रत्येक मजल्यावर एक. मी सरळ सांगितलं, परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो सगळ्या बँडचा गोंगाट उचलून टॉवरकडे ढकलतो. टॉवरला मग लांबच्या फोनचे क्षीण आवाज ऐकू येईनासे होतात. एका विंगेची सोय होते आणि चार सोसायट्यांचे कॉल तुटू लागतात. असे बूस्टर हुडकून काढण्यात आमच्या टीमच्या कितीतरी दुपारी जातात.

उरलं वाय-फाय कॉलिंग. आपल्याकडे एअरटेलने ते २०१९ च्या डिसेंबरात आणलं, जिओने २०२० च्या जानेवारीत. तरी कित्येकांच्या फोनमध्ये ते आजही बंद असतं. काकांना वाटलं मी व्हॉट्सॲप कॉलबद्दल बोलतेय. तसं नाही. फोन घरातल्या वाय-फायवरून इंटरनेटमार्फत मोबाइल कंपनीच्या दारापर्यंत एक कुलूपबंद बोगदा उघडतो, सिम तिथे स्वतःची ओळख पटवतं, आणि पुढे कॉल नेहमीच्याच यंत्रणेतून जातो. नंबर तोच, मिनिटं पॅकमधलीच, पलीकडच्याकडे साधा लँडलाइन असला तरी चालतो. वेगही फार लागत नाही, एका कॉलला १०० केबीपीएसच्या आसपास. खिडकी आणि भिंत यांचा संबंधच संपतो.

सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं. हॉलमध्ये वर छोटी खूण उमटली, कॉल खणखणीत. काका खूश. काकूंच्या खोलीत गेलो आणि खूण गायब.

कस्टमर केअरवाल्यांनी इथे 'फोन रीस्टार्ट करा' म्हटलं असतं. मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि फक्त वाय-फाय चालू केलं. ही युक्ती कुणालाही घरी करता येते. मोबाइल नेटवर्कच बंद असल्यामुळे फोनला वाय-फायशिवाय पर्याय उरत नाही. अशा वेळी कॉल नीट लागला, तर बोगदा ठीक आहे आणि फोन मरतुकड्या मोबाइल सिग्नलला चिकटून बसत होता असं समजायचं. मग सेटिंगमध्ये सापडलं तर कॉलसाठी वाय-फायला प्राधान्य द्यायचं. खूणच उमटली नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या फोनचा हॉटस्पॉट देऊन बघायचं. तिथे चालत असेल तर घरचा राउटर किंवा इंटरनेटवाला वाट अडवतोय. बोगदा यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून जातो, आणि ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये ते बंद असणं नेहमीचंच.

इथे कॉल लागला, पण आवाज तुटक. वाय-फायची ताकद पाहिली: उणे ८३. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, ५ गिगाहर्ट्झवर. मोबाइलच्या लहरींना आडवी आलेली तीच भिंत, आणि ५ गिगाहर्ट्झला तर ती आणखी जाड. फोन दोन मेलेल्या सिग्नलांमध्ये हेलपाटे घालत होता. त्या मधल्या क्षणी कुणी फोन केला की 'कव्हरेज क्षेत्राबाहेर'.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मेश घेऊ या का?" मेश म्हणजे घरभर वाय-फाय पसरवणारे, खोल्याखोल्यांत ठेवायचे डबे. ते एकमेकांशी वाय-फायनेच बोलत असतील तर ते बोलणंही त्याच भिंतीतून जाणार. इथे केबलच हवी. पण मायवानमध्ये भिंत फोडता येत नाही, स्ट्रक्चरच ते. मी बेडरूमचा स्विचबोर्ड पाहिला. शेजारी टेलिफोनचा एक रिकामा पॉइंट होता. बिल्डरने काँक्रीट ओततानाच आत पाइप सोडला होता, जो कुणी कधी वापरला नव्हता. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने त्यातून तार सरकवली. एका वळणावर ती अडली. त्याने तिला साबणाचं पाणी लावलं, थोडी मागे घेतली, पिळा देऊन पुन्हा ढकलली, आणि हॉलच्या बोर्डातून टोक बाहेर आलं. मग त्याच तारेला कॅट-सिक्स बांधून ओढून घेतली. त्या माणसाचे हात बघण्यासारखे होते. आमच्या कित्येक इंजिनिअरांना हे जमणार नाही.

बेडरूममध्ये काकांनी आणलेला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. उणे ४८. खूण स्थिर. काका खाली मेडिकलपाशी जाऊन फोन करून आले.

"अगं, आता लाइट गेली तर?" पलंगावरून काकूंनी विचारलं. दिवसभरातला सर्वांत शहाणा प्रश्न. एमसीबी पाडून पाहिला. दोन्ही राउटर बंद, वाय-फाय कॉलिंग बंद, पुन्हा उणे ११७. सोसायटीचा जनरेटर घरातल्या ठरावीक पॉइंटनाच वीज देतो, आणि टीव्हीमागचा सॉकेट त्यात नव्हता. सुदैवाने फायबर थेट घरातल्या डब्यापर्यंत आलेली होती. शाफ्टमध्ये विजेवरचा स्विच असता तर घरातली बॅटरी फुकट गेली असती. दोन छोटे १२ व्होल्टचे यूपीएस लिहून दिले.

तक्रार बंद करताना यादीतून कारण निवडावं लागतं. 'ग्राहकाने स्वखर्चाने घरात केबल ओढली' असा पर्याय नाही. जवळचा म्हणून 'कव्हरेज समाधानकारक' आहे. घरातलं आमचं कव्हरेज तसूभरही वाढलेलं नाही. फोनचं भाडं आम्ही घेतो आणि शेवटची वीस फुटं ग्राहकाच्या ब्रॉडबँडवर, त्याच्याच विजेवर ढकलतो. मॅनेजर म्हणाले, "कॉल लागतोय ना? मग क्लोज कर." लागतोय, हे खरंच आहे. इमारतीतच अँटेना बसवायच्या, तर बहुतेक वेळा त्या लॉबीपर्यंतच येतात, आणि लॉबीपासून पलंगापर्यंत पुन्हा त्याच भिंती.

मी शेरा लिहिण्याच्या रकान्यात गॅलरी ते पलंग चारही आकडे टाकले आणि मायवान इमारतींसाठी वेगळी घट धरण्याची मागणी प्लॅनिंगकडे पुन्हा पाठवली. दरम्यान त्याच सोसायटीच्या पलीकडच्या विंगेतून तशीच तक्रार आली आहे. त्या घरात ब्रॉडबँडच नाही. सगळं मोबाइल डेटावर चालतं.