141 एमबीचं फोल्डर 700 एमबीत मावेना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. लोकांचे फोटो आणि सह्या फॉर्मला चालतील एवढ्या, म्हणजे साधारण 18 केबीच्या करून ठेवतो. अशा 8,000 फाइल जुन्या लॅपटॉपवरून काढायच्या होत्या. फोल्डर 141 एमबीचं, आणि 64 जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये 700 एमबी जागा मोकळी. कॉपी लावून चहा प्यायला गेलो. येऊन पाहतो तर 5,600 फाइलींवर अडलेलं, जागा संपली म्हणे.

काही फाइल काढल्या, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ज्याच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला त्याला फोन केला. "भाऊ, व्हायरस हाय, फॉरमॅट मारा." त्यावर माझ्या पुतणीचे लग्नाचे व्हिडिओ होते, कसा मारू? बस पकडून तालुक्याला गेलो. तिथल्यानं न पाहताच सांगितलं, माल डुप्लिकेट. अख्खा दिवस गेला, तिकिटाचे पैसे वेगळेच.

रात्री चिडून पेन ड्राइव्हवर नोटपॅडची फाइल बनवली, आत फक्त एक अक्षर, इंग्रजी 'a'. राइट क्लिक करून Properties उघडलं. Size होती 1 बाइट, आणि Size on disk 128 केबी!

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. ड्राइव्ह जागा सुटी देत नाही, ठरावीक मापाच्या तुकड्यांत देते. त्या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. गोदामातल्या गाळ्यासारखं आहे, दोन पोती ठेवा की वीस, गाळा तुमच्याच नावावर. उरलेल्या जागेत दुसऱ्याचा माल जात नाही. फाइली मांडून ठेवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. माझा पेन ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या पद्धतीत होता आणि 32 जीबीच्या वरच्या एक्सफॅटला विंडोज आपणहून 128 केबीचा क्लस्टर देते. म्हणजे 18 केबीच्या फोटोमागे 110 केबी वाया. 8,000 फाइलींना 1,000 एमबी लागणार होते, अन् 700 एमबीत बसतात बरोबर 5,600. आकडा जुळला तेव्हा त्या दुकानदाराला पुन्हा फोन लावायचा मोह झाला होता.

लॅपटॉपवर हे कधी दिसलंच नाही, कारण तिथं एनटीएफएस ही दुसरी पद्धत, क्लस्टर 4 केबीचा. 18 केबीला पाच क्लस्टर, म्हणजे 20 केबी. अख्खं फोल्डर डिस्कवर 156 एमबी. एक अक्षराची युक्ती मात्र तिथं करू नका. एनटीएफएस इतकी बारकी फाइल आपल्या नोंदवहीतच ठेवते, त्यामुळे Size on disk शून्यही दिसू शकतं.

शेवटी फोल्डरची लॅपटॉपवरच झिप केली. एकच फाइल झाली, त्यामुळे वाया गेला तर फक्त शेवटचा क्लस्टर. मिनिटभरात कॉपी. झिपमधल्या फाइली पेन ड्राइव्हवर बाहेर काढू नका, नाहीतर पुन्हा तेच. नव्या पेन ड्राइव्हला फॉरमॅट करताना Allocation unit size मध्ये क्लस्टरचं लहान माप निवडता येतं, पण आतला सगळा डेटा पुसला जातो.

लग्नाचे व्हिडिओ शाबूत आहेत. त्यांचं डिस्कवरचं माप जवळपास जेवढ्यास तेवढंच दिसतं, कारण मोठ्या फाइलीत शेवटच्या तुकड्यापुरतीच जागा वाया जाते.