आमची वाटचाल : एक कोट, दोन चलनं

आमचं शिवणकामाचं दुकान पर्यटकांच्या रस्त्यावर आहे. सुरुवातीला मी एकटाच होतो. कटिंगही मीच करायचो, मशीनवरही मीच बसायचो. काज-बटणाचं काम बाहेर द्यायचो. नंतर कटिंगला एक जाणते मास्तर आले आणि गल्ला मोठ्या ताईने हातात घेतला. आज दोन मशीनवर कारागीर बसतात आणि आमच्या कोटांची निम्मी गिऱ्हाइकं परदेशी असतात. दुकान कसं वाढलं हे सांगायला बसलो की लोक विचारतात, कोणता कोट जास्त खपतो, कापड कुठून आणता. माझ्या मते आमचं दुकान उभं राहिलं ते ताईच्या हिशोबावर, आणि त्या हिशोबाबद्दलच लिहायचं आहे.

परदेशी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, "डॉलरमध्ये किती?" तेव्हा मी तरुण होतो आणि शिवणीपलीकडचं फारसं ठाऊक नव्हतं. दर फोनवर दिसतो, भागाकार केला की झालं, असं मला वाटायचं. ताईने मला कागद घेऊन समोर बसवलं. "आधी कोट आपल्या पैशात कितीला पडतो ते लिही. डॉलरचं नंतर बघू."

तो कागद असा होता. कोटाला दोन मीटर कापड, दीड मीटर अस्तर, छातीला कॅनव्हास, शोल्डर पॅड, बटणं, दोरा, सगळं मिळून ३,०००. कटिंग, कच्ची शिलाई, दोन ट्रायल, पक्की शिलाई आणि शेवटची इस्त्री, ही मजुरी २,६००. भाडं, वीज, मशीनची देखभाल यांचा एका कोटावर येणारा वाटा १,०००. म्हणजे कोट ६,६०० ला पडला. त्यावर नफा १,४००, आणि किंमत झाली ८,०००. हे आकडे आमच्या घरच्या चलनातले, आणि हिशोब सोपा राहावा म्हणून इथे गोल केलेले. मजुरी, भाडं, वीज, सगळं आम्ही घरच्याच पैशात चुकवतो. म्हणून मूळ किंमत हीच, आणि डॉलरची किंमत नेहमी तिच्यातूनच काढायची. उलट कधी करायचं नाही. ताईचा हा पहिला नियम.

फोनवर तेव्हा एका डॉलरला ८० दिसत होते. भागाकार केला की बरोबर १०० डॉलर येतात, आणि आकडाही दिसायला छान. पण शंभराची नोट घेऊन मनी चेंजरकडे गेलं की तो ८० देत नाही. त्याच्या फलकावर दोन दर असतात. एका दराने तो डॉलर विकत घेतो, दुसऱ्याने विकतो. फोनवर दिसतो तो साधारण या दोहोंच्या मधला. आम्ही त्याला डॉलर विकणार, म्हणून आमच्या कामाचा त्याचा खरेदीचा दर, आणि तो होता ७७. म्हणजे १०० डॉलरचे हातात ७,७००.

तीनशेच तर कमी, असं वाटतं. पण हे तीनशे कापडातून जात नाहीत की मजुरीतून जात नाहीत. ते त्या १,४०० च्या नफ्यातूनच जातात. किंमत चार टक्क्यांहूनही कमी घसरली, पण नफ्याचा पाचवा हिस्सा आणि वर थोडा गेला. रात्री ट्रायलसाठी जागून कच्चे टाके घालणाऱ्या माणसाला हे एकदा आकड्यांत दिसलं की तो पुन्हा फोनच्या दराने किंमत सांगत नाही.

मग ८,००० ला ७७ ने भागलं. १०३.९ आले. ते वर नेऊन १०५ केले, कारण गिऱ्हाइकाकडे सुट्टे डॉलर क्वचितच असतात आणि परदेशी नाणी तर मनी चेंजर घेतच नाहीत. १०५ चे ८,०८५ होतात. वरचे ८५ हा आमचा जास्तीचा नफा नाही. फाटलेली, शाईने काही लिहिलेली किंवा जुन्या छपाईची नोट आली तर मनी चेंजर ती कमी दराने घेतो किंवा परतच करतो. पुष्कळ ठिकाणी एक-पाच डॉलरच्या लहान नोटांनाही मोठ्या नोटेपेक्षा कमी दर मिळतो. ते ८५ तिकडे खर्च होतात. म्हणून नोट हातात आली की ताई ती उजेडात धरून बघते, घडीवर बोट फिरवते आणि कडा तपासते. शंका आली तर तिथेच नम्रपणे दुसरी मागते.

एक गोष्ट नवीन दुकानदाराने आधी करायला हवी. परदेशी नोटा घ्यायला अनेक देशांत दुकानाला वेगळा परवाना लागतो. काही ठिकाणी किंमत दोन चलनांत लिहायला चालते, पण पैसे घरच्याच चलनात घ्यावे लागतात. आपल्या बँकेत विचारून, लेखी कळवून मगच फलक लावावा. आम्ही तसंच केलं.

फलक लागला तरी खरी परीक्षा पुढे होती, आणि ती मला मास्तरांनी समजावली. ते फार बोलत नसत, पण माणसं बरोबर ओळखत. दुकानासमोर उभं राहून फलक वाचणाऱ्या एका जोडप्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मालक, त्यांच्या खिशात दोन्ही पैसे आहेत. जे स्वस्त पडेल तेच ते देणार." पर्यटकाने एटीएममधून आमचं चलन काढलेलं असतं आणि घरून आणलेले डॉलरही असतात. आमच्या फलकावर एकाच कोटाच्या दोन किमती. तो दोन्ही बघतो, मनात गुणाकार करतो आणि कमी पडेल ती निवडतो. त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

समजा फलकावर ८,००० आणि १०५ डॉलर तसेच राहिले आणि मनी चेंजरचा दर ७७ चा ८२ झाला. आता डॉलरवाला गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे जाईल, ९८ डॉलर मोडेल आणि आम्हाला ८,००० देईल. आम्हाला फायदा शून्य. उलट दर ७२ वर आला तर तोच गिऱ्हाईक १०५ डॉलर पुढे करेल आणि आमच्या हातात ७,५६० पडतील. म्हणजे शिळ्या फलकात दर आमच्या बाजूने गेला तर आम्हाला काही मिळत नाही, आणि विरुद्ध गेला तर ४४० जातात. वर्षभरात दर वर-खाली होऊन सरासरीने फिटेल, असं म्हणणारे पुष्कळ दुकानदार मी पाहिले. इथे सरासरी लागत नाही, कारण कोणत्या चलनात द्यायचं हे आपण ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतो. हे कळल्यावर मी त्या रात्री उशिरापर्यंत जागून कागदावर वेगवेगळे दर धरून बघितले. दर खेपेला तेच निघालं.

तेव्हापासून डॉलरची किंमत रंगात रंगवायची बंद केली. घरच्या पैशातली किंमत पक्क्या अक्षरात, डॉलरची खडूने पाटीवर. शेजारी त्या दिवसाचा दरही लिहितो. भाव करणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं. एका पाहुण्याने फोन दाखवून म्हटलं, दर तर ८० आहे, मग १०० का नाही? मी त्याला सांगितलं, तुम्ही स्वतः कोपऱ्यावर नोटा मोडल्यात तरी ७७ च मिळतील. तिथे मोडून ८,००० आणून दिलेत तरी मला तेवढंच चालेल. तो खरंच जाऊन आला, आणि हसत ८,००० मोजून दिले. नंतर त्याने दुसरा कोटही टाकला.

मोड देताना हाच दर धरायचा. १०५ डॉलरला कोणी १२० दिले तर परत १५ डॉलर. आम्ही ते घरच्या पैशात देतो, ७७ ने १,१५५. फोनच्या दराने दिले तर १,२०० होतील आणि ४५ फुकट जातील. घेताना एक दर आणि देताना दुसरा, असं झालं की गल्ल्यात संध्याकाळी कमी का भरलं ते सापडत नाही.

शिवणकामात एक अडचण अशी आहे जी तयार माल विकणाऱ्याला नसते. माप आज घेतलं जातं, पहिली ट्रायल परवा होते आणि कोट त्यानंतर. तोवर दर हलतो. म्हणून पावतीवर आम्ही तीन गोष्टी लिहितो: घरच्या पैशात पूर्ण किंमत, त्या दिवसाचा दर आणि ॲडव्हान्स कोणत्या चलनात आला. एका बाईंनी ५५ डॉलर ॲडव्हान्स दिला आणि न्यायला आल्या तेव्हा उरलेले घरच्या पैशात द्यायचे म्हणाल्या. पावतीवर दर ७७ होता, म्हणजे ४,२३५ आलेले. ८,००० मधून ते वजा करून ३,७६५ घेतले. मधल्या दिवसांत दर ७९ झाला होता, पण तो या हिशोबात आणला नाही. दर पडला असता तरी आणला नसता. पावतीवर लिहिलं की वाद राहत नाही, आणि कोट घालून आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाशी पैशावरून घासाघीस करायची वेळ येत नाही.

कार्डाने पैसे देणाऱ्यांना मशीन विचारतं, तुमच्या चलनात की इथल्या? आम्ही सांगतो, इथल्या चलनात घ्या. दुसरा पर्याय निवडला की दर मशीनवाली कंपनी ठरवते आणि तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. त्या फरकाचा भुर्दंड आमच्या पाहुण्याने का भरावा?

कापडाचं थोडं वेगळं आहे. आमचं काही लोकरी कापड बाहेरून येतं. डॉलर महागला की व्यापारी त्याचा भाव वाढवतो. ३,००० मधले १,८०० त्या कापडाचे धरले आणि डॉलर दहा टक्क्यांनी चढला, तर कोटावर १८० वाढतात. तेवढेच मूळ किमतीत घालायचे, ८,००० चे दहा टक्के नाही. मजुरी आणि भाडं डॉलरवर वाढत नाही. मास्तरांची मजुरी आम्ही वाढवली ती त्यांच्या हातासाठी, दरासाठी नव्हे.

आता सकाळी दुकान उघडलं की धाकटा कारागीर मनी चेंजरच्या फलकावरचा खरेदीचा दर बघून येतो. दीड-दोन टक्क्यांच्या आत हलला असेल तर पाटी तशीच राहते, त्याहून जास्त हलला तर ताई मूळ किमतीला भागते, वरच्या पाचावर नेते आणि नवा आकडा सांगते. पाटीवर लिहिण्याचं काम त्या मुलाकडे आहे. भागाकारही आता तोच करून दाखवतो, आणि ताई फक्त तपासते.